प्लास्टिकचा तांदूळ आणि खोक्यावरचा करार

भंडारा जिल्ह्यात तांदळाविषयी कोणाला काही समजावून सांगायला जाऊ नये. इथं माणूस बोलायला शिकायच्या आधी भाताची प्रत ओळखायला शिकतो. साकोलीकडच्या एखाद्या लग्नात जेवणारे नवरीकडे नंतर पाहतात, पहिला घास तोंडात घालून शेजाऱ्याला विचारतात, "एचएमटी हाय का जय श्रीराम?" अशा मुलखात रेशनच्या तांदळात प्लास्टिक आहे ही बातमी पोचली, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना पुण्या-मुंबईच्या वाचकाला येणार नाही. तिकडे दुधात पाणी निघालं तर लोक दूधवाला बदलतात. इथं तांदळात प्लास्टिक म्हणजे थेट खानदानाचा अपमान.

आमच्या गावात या बातमीचे दोन पक्ष झाले. एका पक्षाचे अध्यक्ष नाना. चाळीसेक वर्षं धानाची शेती, मधली काही वर्षं राईस मिलमध्ये दिवाणजी. दुसऱ्या पक्षाचे अध्यक्ष मास्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दोघं बालमित्र. सकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर एकच चहा दोन कपांत घेतात आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून भांडतात. त्यामुळे भांडणाला नवा विषय मिळाला, याचा खरं तर दोघांनाही आनंदच झाला होता.

नानांनी पहिल्या दिवशी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत रेशनच्या तांदळातून वेचलेले पंधरा-वीस दाणे होते. "पाह्य," ते म्हणाले, "हा दाणा पाह्य. बाकीचा तांदूळ काचेवानी दिसते, आरपार. हा चुन्यावानी पांढरा. तांदळाच्या दाण्याले एका टोकाला बारीक खाच असते, जिथून कोंब निघते. याले खाच हाय का? नाही. दोन्ही टोकं सारखी. म्हणजे हे धानातून निघालंच नाही. कारखान्यातून निघालं."

मास्तरांनी पुडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अफवा आहे," ते म्हणाले. "व्हॉट्सॲपवर आली का? मग अफवा."

इथं मला मधेच बोलायला हवं, कारण या दोन वाक्यांत पुढच्या सगळ्या भांडणाचं बी आहे. नानांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं आणि निष्कर्ष चुकवला होता. मास्तरांचा निष्कर्ष बरोबर होता आणि त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. अशा दोन माणसांचं भांडण मिटत नाही. पहिल्याला वाटतं, माझ्या डोळ्यांना खोटं ठरवतायत. दुसऱ्याला वाटतं, माझ्या अकलेला. आणि दोघांचंही थोडं खरं असतं.

कारण नाना म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. तो दाणा धानातून निघालेला नव्हता, कारखान्यातूनच निघालेला होता. सरकारी तांदळात तेव्हा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा जीवनसत्त्व घातलेले दाणे मिसळत होते. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून तशी घोषणाही झाली होती. गिरणीत तुटलेल्या तांदळाचं, म्हणजे कणीचं, पीठ करतात, त्यात ही द्रव्यं कालवतात, गरम ओलसर पीठ शेवयाच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून बाहेर काढतात, फक्त शेवयांऐवजी तांदळाच्या आकाराचे तुकडे कापतात आणि वाळवतात. मग शंभर किलो साध्या तांदळात असा एक किलो. आपल्या घरच्या चिमूटभर तांदळात तो एखाददुसराच दिसणार, वेगळा दिसणार, आणि ज्याचं आयुष्य तांदूळ पाहण्यात गेलं त्याच्या डोळ्यांत खुपणारच.

पण ही गोष्ट तेव्हा टपरीवर कोणालाच नीट माहीत नव्हती. रेशन दुकानातल्या पोत्यावर अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी एफ छापलेलं होतं. नानांच्या पक्षातल्या एकाने सांगितलं की एफ म्हणजे 'फायबर'.

दुसऱ्या दिवशी नानांनी प्रयोग आणला. भाताचा लाडू वळला आणि टपरीच्या फरशीवर आपटला. लाडू टप्पा खाऊन उडाला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. असा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे तो डोळ्यांसमोर घडताना पाहून लोकांना नट प्रत्यक्ष भेटल्यासारखं वाटलं. मास्तर म्हणाले, "नाना, तुमच्या घरच्या एचएमटीचा लाडू आपटा."

"माझ्या भाताले कायले आपटू? तो काय प्लास्टिक हाय?"

"म्हणूनच आपटा."

वाद दोन कप चहाभर चालला. शेवटी नानांच्या घरून डब्यात घरचा भात आला, लाडू वळला गेला आणि आपटला गेला. तोही उडाला. शिजलेला तांदूळ चिकट असतो, घट्ट दाबला की त्यात हवाही कोंडते, त्यामुळे कुठल्याही तांदळाचा लाडू थोडाबहुत उडतोच. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणालाही हे समजावून सांगावं लागलं होतं. नानांचा चेहरा उतरला, पण प्लास्टिकवरचा विश्वास नाही उतरला. "मिलवाल्यानं माझ्या तांदळात बी मिसळवलं असन," ते म्हणाले.

मास्तरांचा विजय फार टिकला नाही, कारण तिसऱ्या दिवशी तेच अडकले. त्यांनी स्वतःच्या विषयाच्या जोरावर जाहीर केलं, की प्लास्टिक पाण्यावर तरंगतं आणि तांदूळ बुडतो, बघा. ग्लासभर पाण्यात नानांचे पांढरे दाणे टाकले. दहापैकी सहा तरंगले.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ग्लास उचलून टपरीतल्या प्रत्येक बाकापुढून फिरवला, पूजेचं ताट फिरवावं तसा.

मास्तर त्या रात्री झोपले नसावेत. सकाळी ते एक पिशवी घेऊन आले. पिशवीत पाण्याच्या बाटलीचं झाकण, दुधाच्या पिशवीचा कोपरा, नळाच्या पाइपाचा तुकडा, सदऱ्याचं बटण आणि मूठभर मुरमुरे. सगळं एकेक करून बादलीत टाकलं. झाकण तरंगलं, दुधाची पिशवी तरंगली. पाइप तळाशी गेला, बटणही गेलं. मुरमुरे ऐटीत तरंगले. "आता सांग," मास्तर म्हणाले, "पाइप प्लास्टिकचा की नाही? बुडाला. मुरमुरा तांदळाचा की नाही? तरंगला. म्हणजे तरंगण्यावरून काहीच कळत नाही. जड प्लास्टिक बुडते, आत हवा असली की तांदूळही तरंगतो."

"पण काल तूच तर म्हणत होता."

"काल मी चूक होतो."

हे वाक्य मास्तरांच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकलं. त्याचा परिणाम त्यांच्या प्रयोगापेक्षा जास्त झाला. नाना थोडे सैलावले. पण सैलावले म्हणजे काय, तर आता म्हणू लागले, "चाल, लाडू गेला, तरंगणं गेलं. तरी डोळ्यानं दिसते त्याचं काय? अबे, आपल्या नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडेंनं एचएमटी शोधलं, ते काय प्रयोगशाळेत शोधलं का? बांधावर उभं राहून डोळ्यानं ओळखलं."

नानांचा हा हुकमी पत्ता. आमच्याकडे दादाजींचं नाव निघालं की समोरचा गप्प होतो. नांदेड नावाच्या छोट्या गावातला कमी शिकलेला शेतकरी, पटेल तीन जातीच्या धानात काही लोंब्या त्याला वेगळ्या दिसल्या आणि त्यातून विदर्भभर पसरलेलं वाण निघालं. त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव त्याला मिळालं. मास्तर मात्र गप्प झाले नाहीत. ते म्हणाले, "डोळ्यानं ओळखलं हे बरोबर. मग काय केलं त्यांनी?"

"मंग काय, पेरलं."

"कुठं पेरलं? त्याच धानात?"

"नाही. वेगळं."

"का वेगळं?"

नाना थांबले. शेतकरी माणूस, उत्तर त्यांना माहीत होतं. वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेगळ्या पेरायच्या, पुढच्या हंगामात पुन्हा पाहायचं, तोच दाणा येतो का. नाही आला, तर आपल्याला भास झाला होता असं समजून गुमान पटेल तीन लावायचं. दादाजींनी हे एका हंगामात नाही, वर्षानुवर्षं केलं. डोळ्यांना काहीतरी दिसलं ही त्यांच्या कामाची सुरुवात होती. नाना मात्र पुडी खिशात घालून तिथंच थांबले होते.

पण भांडणाला खरं वळण दिलं ते या दोघांपैकी कोणी नाही. ते दिलं टपरीवाल्याने, आणि ज्ञानाच्या ओढीने नव्हे. त्याच्या बाकांवर दोन पक्ष दिवसभर बसत, चहा एकच घेत, फरशीवर भात चिकटलेला आणि पाण्याची बादली अडकलेली. तो वैतागून म्हणाला, "काकाजी, तुम्ही दोघं काय पाहिलं तं चूप बसान, ते एकदा सांगून टाका. म्हणजे मी तेच आणून दाखवतो."

दोघंही चूप बसले. वाद सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

नाना म्हणाले, "याले काय लागते ते पहिले विचार."

मास्तर ऐटीत म्हणाले, "मला काही दाखवायची गरजच नाही. प्लास्टिक नाही म्हणजे नाही."

"म्हणजे दाण्यातून उद्या बादलीचं हँडल निघालं तरी तू म्हणशीन नाही?"

"निघणारच नाही."

"पाह्य," नाना टपरीवाल्याकडे वळले, "याले काही दाखवूनच फायदा नाही. आणि मलेच म्हणून राहिला अंधश्रद्धाळू!"

मला वाटतं, अख्ख्या भांडणातला हा सर्वांत धारदार वार नानांचा होता. मास्तरांना तो लागला. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मग म्हणाले, "ठीक. दाणा चिमट्यात धरून जाळला आणि तो वितळून ठिबकला, तर मी मान्य करीन. आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवूनही बोटांत चुरडला गेला नाही, तरी मान्य करीन. आता तू बोल."

नानांना वेळ लागला. जे नको ते सांगणं सोपं, जे पुरेल ते सांगताना जीभ जड होते. त्यांनी आधी सांगितलं, दिल्लीहून कागद आला तर मानीन. मग स्वतःच म्हणाले, कागदाचं काय, कागद कोणीही आणन. मग म्हणाले, जळाला आणि ठिबकला नाही तरी मी मानणार नाही, कारण प्लास्टिकवर वरून पीठ लावलं असन. मास्तर भडकणार होते, पण टपरीवाल्याने हात वर केला. "मंग पीठ काढून जाळू," तो म्हणाला. "दाणा मधून फोडू. आतलं दिसन नं."

नानांनी विचार केला. "आत बी तांदूळच निघाला तं मानीन. पण आत तांदूळच हाय हे कशावरून?"

इथं मास्तरांचं विज्ञान कामी आलं. आयोडीन. मेडिकलमध्ये मिळणारं टिंक्चर आयोडीन पिष्टावर टाकलं की ते निळं-काळं होतं. प्लास्टिकवर टाकलं तर आपल्याच तपकिरी रंगात राहतं. बटाट्यावर हा प्रयोग मास्तरांनी शाळेत तीस वर्षं केला होता. नानांनी अट घातली, की आधी बाटलीच्या झाकणावर आणि माझ्या घरच्या तांदळावर टाकून दाखव, मग या दाण्यावर. लाडवाने त्यांना शिकवलं होतं. टपरीवाल्याने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर सगळं लिहून घेतलं: जाळून ठिबकला तर नाना बरोबर; भिजून चुरडला आणि फोडल्यावर निळा झाला तर मास्तर बरोबर. खाली दोघांच्या सह्या. सही करताना नानांनी विचारलं, "आणि अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा निकाल आला तं?" मास्तर म्हणाले, "मग दोघंही चूक, आणि चहाचे पैसे हा देणार." टपरीवाल्याने हा खर्च लिहून घ्यायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळण्याचा कार्यक्रम झाला. जुन्या बादलीच्या हँडलचा तुकडा आचेवर धरला, तो वितळून टपटप गळला आणि नाक झाकावं लागलं. नानांचा पांढरा दाणा मात्र काळा पडला, कोळसा झाला आणि तव्यावर करपलेल्या भाकरीसारखा वास आला. ठिबकला नाही. भिजवलेले दाणे बोटांत चुरडले, पांढरी लापशी झाली. नाना गंभीर होत चालले होते.

मग आयोडीन. टपरीवाल्याला उत्साह फार. त्याने चुरडलेल्या दाण्यांचं पीठ वाटीत घेतलं आणि नीट मिसळावं म्हणून चहाच्या आधणातलं उकळतं पाणी त्यावर ओतलं. मास्तरांनी वरून आयोडीनचे थेंब सोडले. सगळं गाव वाकून पाहत होतं. वाटीतलं पाणी पिवळट झालं आणि तसंच राहिलं. निळं काही नाही.

नानांचा चेहरा उजळला, मग जरा ओशाळला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. करारात 'निळा झाला तर' असंच लिहिलं होतं, आणि तो निळा झाला नव्हता. नाना तिथंच जिंकू शकले असते. पण त्यांनी घरच्या एचएमटीचं पीठ दुसऱ्या वाटीत टाकलं, त्यावरही तेच उकळतं पाणी आणि तेच थेंब. तेही निळं झालं नाही. "म्हणजे माझा तांदूळ बी प्लास्टिकचा का?" ते स्वतःशीच म्हणाले. "नाही बा. आपलंच काही तरी चुकून राहिलं."

माझ्या मते नानांनी या भांडणात केलेलं हे सर्वांत कठीण काम. मनासारखा निकाल आला असतानाही त्यांनी तो तपासला.

काय चुकलं ते मास्तरांना चहा संपता संपता आठवलं. आयोडीन आणि पिष्टाचा निळा रंग गरम पाण्यात टिकत नाही, थंड झाल्यावर येतो. दोन्ही वाट्या बाकावर ठेवल्या. लोकांनी बिड्या पेटवल्या. वाट्या निवत गेल्या तसा कडेने जांभळटपणा चढू लागला आणि बघता बघता दोन्ही वाट्यांत शाईसारखा निळा-काळा रंग भरला. बाटलीच्या झाकणावरचा थेंब अजून तपकिरीच होता.

नानांनी पुठ्ठा घेतला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ठीक हाय. प्लास्टिक नाही." मग लगेच, "पण धानाचा बी नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते लिहून घ्या."

लिहून घेतलं. रेशन दुकानदाराला पोत्यावरच्या एफचा अर्थ विचारला, तेव्हा पिठाच्या दाण्यांची सगळी हकीकत बाहेर आली आणि नानांचं पहिलं म्हणणं अधिकृत झालं. मग त्यांनी दिवाणजीच्या अकलेने स्वतःच एक हिशेब मांडला, जो कोणाच्या डोक्यात आला नव्हता. भेसळ करणारा स्वस्त वस्तू महागात मिसळतो. प्लास्टिकचे दाणे घाऊक बाजारातही साध्या तांदळाहून महाग पडतात. "मंग हा कोणता मूर्ख धंदेवाला," नाना म्हणाले, "जो घरचे पैसे घालून लोकायले प्लास्टिक चारते? हे मलेच सुचायला पाहिजे होतं बे." नानांच्या घरी वहिनींनी मात्र कपाळाला हात लावला. त्या गेले कित्येक आठवडे एकेक पांढरा दाणा वेचून कोंबड्यांना टाकत होत्या. सरकारने घातलेलं सगळं लोह कोंबड्यांच्या पोटात गेलं होतं.

मास्तरांना विजय पचवता आला नाही. ते नायजेरियाचं सांगू लागले: डिसेंबर 2016 मध्ये लागोसला सीमाशुल्क खात्याने 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून पोती पकडली होती आणि तपासणीत प्लास्टिक निघालं नाही. नानांनी विचारलं, "मंग काय निघालं?" मास्तरांनी खरं ते सांगितलं, की जिवाणू मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तांदूळ खाण्यालायक नव्हता. "म्हणजे लोकायले खटकलं ते उगाच नाही खटकलं," नाना म्हणाले. मास्तरांना याचं उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर महिनाभरात पुढचं भांडण उभं राहिलं, आणि ते पहिल्यापेक्षा खरं होतं. नानांच्या भाच्याला सिकलसेल आहे, आमच्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत असतो. लोह घातलेल्या अन्नाच्या वेष्टनावर, सिकलसेलच्या रुग्णांनी ते घेऊ नये, अशी सूचना छापावी असा नियम 2018 मध्ये आला होता. तांदळापुरती ती सूचना 2024 मध्ये काढली गेली. नाना म्हणाले, आधी छापत होते म्हणजे काही तरी असनच, पोरानं हा तांदूळ खाऊ नये. मास्तर म्हणाले, काढली म्हणजे तपासूनच काढली असणार, खुशाल खावा. पण या वेळी दोघांनी आधी पुठ्ठा मागवला. मी कशाने मानीन, तू कशाने मानशील, हे लिहिलं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढले आणि भाच्याला मधे बसवून तालुक्याला निघाले.

डॉक्टरांनी पुठ्ठा नीट वाचला. मग म्हणाले, "ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साठतं. तशी केस असेल तर फेरिटिन तपासून मग बोलू. याला आजवर किती वेळा रक्त चढवलं?"

नानांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी नानांकडे. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, पण हे कुठंच नव्हतं.

"एकदाच," भाचा म्हणाला. "लहानपणी. मले कोणी विचारलंच नाही."